हेडबाईंचा टीव्ही आणि लॅबकाकांची नजर

लॅबकाकांना सगळी इमारत लॅबकाका म्हणायची. त्यामुळे नव्याने राहायला आलेल्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा आणि एखादा बिचारा रक्ताचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचा. काका तो रिपोर्ट शांतपणे हातात घ्यायचे, खिडकीच्या उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "छपाईत निळा जास्त पडलाय, बाकी ठीक आहे." मग काकू आतून येऊन त्या माणसाला खरं काय ते सांगायच्या.

काकांची लॅब फोटोंची. तिथे बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. फिल्मवरचा प्रत्येक फोटो कागदावर छापण्याआधी छोट्या पडद्यावर दिसायचा. काकांनी त्याच्याकडे पापणी लवेपर्यंत पाहायचं आणि बटणं दाबून ठरवायचं की यात पिवळा किती कमी, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी किती जास्त, गडदपणा किती. दिवसाला हजार-हजार फोटो. लोकांची बारशी, लग्नं, सहली, म्हातारपणं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. कुणाचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसू द्यायचा नाही आणि कुणाचा शर्ट धुण्याआधीच विटलेला दिसू द्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. लॅबचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा की मशीन परदेशी आहे, पण नजर आमचीच आहे. हे वाक्य काकांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते आता स्वतःच ते इतरांना सांगायचे.

पुढे फिल्म गेली, लॅब गेली, काका घरी बसले. पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. तिला काहीतरी दुरुस्त करायला हवंच होतं. काकूंच्या साड्या, डाळीचा रंग, शेजारच्या भिंतीला दिलेला ऑइलपेंट, सगळ्यावर शेरे मारून झाले. काकू वैतागायच्या बेतात असतानाच काकांना टीव्हीचा शोध लागला. टीव्हीच्या रिमोटमध्ये रंग, टिंट, शार्पनेस, ब्राइटनेस असं सगळं असतं, आणि ते कुणीच कधी हलवत नाही, हे कळल्यावर काकांना जो आनंद झाला तो पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता.

पहिल्यांदा कुणी बोलावलं नव्हतं. नंतर कुणाला थांबवता आलं नाही. एखाद्या घरी चहाला गेले की काका बोलता बोलता टीव्हीकडे बघायचे, भुवया आकसायच्या आणि म्हणायचे, "हे असं किती दिवस बघताय तुम्ही?" झालं. पुढच्या पाच मिनिटांत रिमोट त्यांच्या हातात. पडद्याच्या हातभर जवळ स्टूल ओढायचं, डोकं एका बाजूला कलतं करायचं आणि बटण दाबत सुटायचं. उठताना एकच वाक्य, "आता बघा, माणसं माणसांसारखी दिसतायत." घरची मंडळी माना डोलवायची. पैसे नाहीत, आभार नकोत, चहात साखर थोडी जास्त, एवढीच काकांची फी.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र एक झालं होतं. काकांच्या हातचे टीव्ही जरा उजळ व्हायला लागले होते. जरा म्हणजे काय, बातम्या देणाऱ्या बाईंची लिपस्टिक त्यांच्या आधी बोलायला लागायची. काकांना ते कळत नव्हतं, कारण काकांना ते तसं दिसत नव्हतं. काकू मधूनमधून म्हणायच्या, "डोळे एकदा दाखवून या." काका म्हणायचे, "बत्तीस वर्षं ज्या डोळ्यांवर लॅब चालली, ते डोळे आता मी कुणा पोराला दाखवू? तो मला ई आणि एफ वाचायला लावणार." पेपर ते हल्ली खिडकीत उभे राहून वाचायचे. का, तर म्हणे आजकाल छपाईच फिकी असते.

तर अशातच दुसऱ्या मजल्यावरच्या हेडबाईंनी नवा टीव्ही घेतला.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याशी बोलताना इमारतीतले वकीलसुद्धा हात मागे बांधून उभे राहायचे. टीव्ही बसवायला दुकानाकडून एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे तिशीची, खांद्याला ड्रिलची पिशवी, कानामागे पेन्सिल. काका सकाळीच हेडबाईंकडे पोचले. कुणी बोलावलं नव्हतं हे सांगायला नकोच. काकू कधी नव्हे त्या आधीच तिथे बसल्या होत्या.

मुलीने टीव्ही भिंतीला लावला, स्पिरिट लेव्हल ठेवून सरळ असल्याची खात्री केली आणि चालू करून तशीच बसून राहिली. काकांनी विचारलं, "आता कशाची वाट बघतेस?"

"अर्धा तास गरम होऊ दे, काका. थंड पडद्यावर केलेलं सेटिंग नंतर बदललेलं वाटतं."

काकांना हे मनातून आवडलं, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. अर्ध्या तासाने मुलीने पेनड्राइव्ह लावला. टीव्हीवर चित्रच आलं नाही. आल्या त्या नुसत्या पट्ट्या, राखाडी चौकोन, बारीक रेघा.

"हे काय?" काका म्हणाले.

"टेस्ट व्हिडिओ. फुकट मिळतो. याच्यावरून मी सगळं लावते." मुलीने आधी चित्राचा मोड सिनेमावर नेला आणि घरातल्या उजेडाप्रमाणे टीव्ही आपोआप कमीजास्त होतो ते बंद केलं. मग काळ्या पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या दाखवल्या. "यातली काळ्याहून काळी जी आहे ती दिसता कामा नये. तिच्या शेजारची जेमतेम दिसली पाहिजे. तेवढा ब्राइटनेस." तसंच पांढऱ्याचं करून झालं. मग रंगांच्या पट्ट्या आल्या आणि मुलीने खिशातून फोन काढून टीव्हीसमोर धरला. फोनच्या पडद्यावर अख्खा टीव्ही निळाशार दिसत होता.

काकांना हसू आवरेना. "फोनला रंग कळतो होय?"

"नाही कळत," मुलगी निर्विकारपणे म्हणाली. "म्हणून तर. या अ‍ॅपमध्ये फक्त निळा येतो. पांढऱ्या, आकाशी, मजेंटा आणि निळ्या पट्टीत निळा सारखाच असतो, बाकीच्या पट्ट्या काळ्या दिसतात. पांढरी आणि निळी सारख्या उजळ दिसल्या की रंग बरोबर. आकाशी आणि मजेंटा सारख्या दिसल्या की टिंट, म्हणजे रंगाची झाक, बरोबर. रंग ओळखायचाच नाही, नुसतं सारखं आहे की नाही एवढंच बघायचं."

"आणि हा फोन चुकत नाही?"

"चार-दोन पॉइंट इकडेतिकडे होतात की. पांढरा खरा पांढरा आहे का, ते तर सेन्सरवाल्या मशीनशिवाय कळतच नाही. पण फुकटात एवढं पुष्कळ झालं."

एवढ्या प्रामाणिक माणसाशी भांडायचं कसं, हा काकांना प्रश्न पडला. पण तिघींसमोर गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. ते ताडकन म्हणाले, "बाळ, पट्ट्या जुळवायला माणूस कशाला पाहिजे? रंग हा नजरेने लावायचा असतो. माझी नजर आणि तुझा फोन, घ्या परीक्षा."

परीक्षा हा शब्द हेडबाईंसमोर काढायचा नसतो. त्यांनी लगेच चष्मा नाकावर सरकवला. "घेऊया. सिनेमा मोडमध्ये हिचं सेटिंग राहील. दुसरा एक मोड आहे, युझर म्हणून. त्यात तुम्ही तुमचं लावायचं. रविवारी सकाळी सगळ्यांना दाखवू, कुठलं कुणाचं ते न सांगता. लोकांनी ठरवायचं."

"आणि मी हरलो तर या इमारतीतल्या एकाही टीव्हीला हात लावणार नाही," काका म्हणाले. म्हटल्यावर त्यांना वाटलं की हे जरा जास्तच झालं. पण शब्द तोंडातून निघून गेला होता, आणि हेडबाईंनी तो डायरीत लिहूनही घेतला होता.

घरी आल्यावर काकांचं जेवणात लक्ष लागेना. हरण्याची भीती नव्हती, असं ते स्वतःला सांगत होते. पण समजा. समजा हरलो, तर मग करायचं काय? सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी बाकड्यावर बसून गुडघ्यांची चर्चा. इमारतीतल्या लोकांना काका हवे होते ते त्यांच्या डोळ्यांसाठी. डोळे काढून घेतले की उरला नुसता एक म्हातारा, आणि तसे इमारतीत आधीच सात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ठरवलं की शत्रूची हत्यारं बघून ठेवायला हरकत नाही. काकूंना ते म्हणाले, "तो फुकटचा व्हिडिओ किती फालतू आहे ते तुला दाखवतो." काकूंनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि लगबगीने शेजारी येऊन बसल्या. इतक्या लगबगीने, की दुसऱ्या कुणाला शंका आली असती. काकांच्या फोनमध्ये ते निळं अ‍ॅपसुद्धा लगेच सापडलं. काकांना वाटलं, आपल्याला फोन आता चांगला जमायला लागला.

टीव्हीवर बारीक रेघांची आकृती आली. राखाडी पडद्यावर काळ्या रेघा. व्हिडिओ सांगत होता, रेघांच्या कडेला पांढरी किनार दिसत असेल तर शार्पनेस कमी करा.

"किनार नाहीये," काका म्हणाले. "माझं सेटिंग आहे ते."

"आहे की," काकू म्हणाल्या. "प्रत्येक रेघेला आहे. चांगली जाड."

"कुठे?"

"अहो, ही काय." काकू उठल्या आणि पडद्याला बोट लावून दाखवलं. काका स्टूल पुढे ओढत नाक टेकेपर्यंत गेले. त्यांना रेघा दिसत होत्या, थोड्या पसरट. किनार काही दिसेना. शार्पनेस सत्तरवर होता. काकूंनी तो हळूहळू खाली आणला, दहावर आल्यावर म्हणाल्या, "आता गेली." काकांना वाटलं, टीव्हीवर कुणीतरी ओलं फडकं टाकलंय.

मग पट्ट्या. काकांनी फोन धरला. आपला रंगाचा आकडा अठ्ठ्याहत्तर आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. फोनमध्ये निळी पट्टी भगभगत होती आणि तिच्या खालचा पांढऱ्याचा तुकडा बिचारा अंधारात बसला होता. दोघांमधली सीमा पुसली जाईपर्यंत आकडा खाली आणायचा. सत्तर. साठ. काका दाबतच राहिले. सत्तेचाळीसवर तुकडा पट्टीत मिसळून गेला. टिंट जवळपास जागेवरच होता.

एकतीस पॉइंट. लॅबमध्ये दोन पॉइंट चुकले की मालक फोटो टाकून द्यायला लावायचा.

काकांनी नेहमीचा कार्यक्रम लावला. सगळं पाणचट. बागेवर धूळ बसलेली, माणसं आजारी. ते म्हणणार होते, बघ, फालतू आहे ना. पण बोलण्याआधी त्यांच्या हातून एक गोष्ट आपसूक झाली. लॅबमध्ये शंका आली की ते एक डोळा झाकून बघायचे. सवय. त्यांनी डावा डोळा झाकला, टीव्हीवरची पांढरी भिंत पाहिली. मग उजवा झाकला आणि तीच भिंत पाहिली.

उजव्या डोळ्याने भिंत चहात बुडवलेल्या कागदासारखी दिसत होती. डाव्याने ती पांढरी होती, अगदी शुभ्र नाही, पण पांढरी. काकांनी चारदा आलटून पालटून पाहिलं. मग त्यांच्यातल्या फोटो छापणाऱ्या कारागिराने, जो आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांचे दोष सांगत आला होता, न विचारता निदान सांगून टाकलं. उजव्या डोळ्यावर पंधरा पॉइंट पिवळा, वर थोडा धूर. डाव्यावर पाच-सहा. कॅमेरा नाही, कागद नाही, भिंगच मळलंय.

टीव्हीचं काय व्हायचं ते होवो, पण या दोन वर्षांत आपण जे जे पाहिलं, त्यावर शिक्के मारत सुटलो होतो. काकूंच्या नव्या साडीला आपण कळकट म्हणालो होतो. ती तिने पुन्हा नेसली नाही.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. व्हिडिओ बरा आहे," काका म्हणाले. "तसा."

आता दोन रस्ते होते. हेडबाईंकडे जाऊन सांगायचं की माझी नजर गेली, परीक्षा रद्द करा. हा रस्ता सरळ होता, म्हणून काकांनी तो धरला नाही. दुसरा रस्ता कॉपीचा होता. नजरेने लावतो असं म्हणायचं आणि लावायचं याच व्हिडिओने. बत्तीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाला थोडी कॉपी करायचा हक्क असावा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शनिवारी दुपारी ते हेडबाईंच्या घरी गेले. मदतनीस म्हणून काकू बरोबर.

"मला एकांत लागेल," काकांनी जाहीर केलं. "रंगाला एकाग्रता लागते."

हेडबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते बघायला काकांचा डोळा चांगला हवा होता. दार लागताच काकांनी टीव्हीतच इंटरनेटवरून तोच व्हिडिओ लावला आणि आवाज बंद केला. मोड युझर. टीव्ही आधीच अर्धा तास चालू होता, एवढं पुण्य हेडबाईंनी करून ठेवलं होतं.

"नजर माझीच आहे," काका कुजबुजले. "तू फक्त खात्री करायची."

"हो तर," काकू कुजबुजल्या.

मग दोघांनी ती कामगिरी सुरू केली. काकू डावीकडून कानात सांगत होत्या, "काळी अजून दिसते. एक खाली. बस." काका उजवा डोळा मिटून रेघांच्या किनारी शोधत होते. रंगांच्या वेळी काकांनी फोन धरला आणि काकूंनी रिमोट. काकूंचं बोट मेन्यूत असं सरसर फिरत होतं की जणू घरचीच कपाटं उघडताहेत. मध्येच आतून हेडबाईंचा आवाज आला, "एकाग्रता झाली का?" आणि काकांनी दचकून फोन सोफ्याच्या गादीखाली सारला. तो परत काढेपर्यंत त्यांना घाम फुटला. साठ वर्षांपूर्वी शाळेत कॉपी करताना इतका फुटला नव्हता. शेवटी काकूंनी सेटिंग सगळ्या इनपुटला लागू करायचं बटण दाबलं.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"नाहीतर सेटटॉप बॉक्सवर गेलं की आपलं सगळं पुसलेलं दिसेल. प्रत्येक इनपुटचं वेगळं असतं ना या टीव्हीत."

हे काकूंना कसं माहीत, असा प्रश्न काकांना पडायला हवा होता. पण त्या क्षणी ते फार घाईत होते.

रविवारी सकाळी हेडबाईंची बैठकीची खोली भरली. वकील, त्यांची बायको, चौथ्या मजल्यावरची नर्स, जिन्याशेजारचा शिंपी. टीव्हीवाली मुलगीही सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आली होती, या खेपेला ड्रिल न घेता. हेडबाईंनी सेटटॉप बॉक्सवर एक बागेचा कार्यक्रम लावला, रिमोट पदराआड धरला आणि म्हणाल्या, "हे पहिलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे दुसरं." पुन्हा पहिलं. पुन्हा दुसरं.

शिंप्याने चष्मा पुसला. वकिलांनी मान उजवीकडे कलती करून पाहिलं, मग डावीकडे.

"तुम्ही बटण दाबताय ना, बाई?" वकिलांनी विचारलं.

"दाबतेय."

"मग बदलत काय आहे?"

कुणालाच फरक सांगता येईना. नर्स म्हणाली की दुसरं कणभर सौम्य आहे. शिंपी म्हणाला की पहिलं. दोघांनी मग एकमेकांची बाजू घेतली. तेव्हा टीव्हीवाली मुलगी उठली, हेडबाईंकडून रिमोट घेतला आणि दोन्ही मोडचे आकडे एकामागून एक उघडले. ब्राइटनेस एक्कावन्न, एक्कावन्न. शार्पनेस दहा, दहा. रंग अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. टिंट शून्य, शून्य.

मुलीने काकांकडे पाहिलं. काका पंख्याकडे बघत होते. तिला सगळं कळलं, हे काकांना पाठीनेसुद्धा जाणवलं. मुलगी म्हणाली, "काकांची नजर म्हणजे मशीन आहे. मला या कामाला एक फोन, एक व्हिडिओ आणि एक तास लागला."

वकिलांनी टाळ्या वाजवल्या, इतरांनी साथ दिली. काका जिंकले नव्हते, पण हरलेही नव्हते. टीव्हीला हात लावायचा हक्क शाबूत होता. आता फक्त हसून मान लववायची आणि चहा घ्यायचा, एवढंच काम उरलं होतं. काकांनी मान लववली. मग ती वर करताना त्यांना समोर बसलेल्या काकू दिसल्या. काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या, वाट बघावी तशा.

"थांबा," काका म्हणाले. "ही माझी नजर नाही. मी त्याच व्हिडिओने लावलं. फोन गादीखाली लपवला होता. रेघांच्या किनारी हिने बघितल्या, मला दिसत नाहीत. माझ्या उजव्या डोळ्यात पंधरा पॉइंट पिवळा आलाय. तुमच्या सगळ्यांच्या घरी मी दोन वर्षं काय लावून ठेवलंय ते आता मला कळतंय. माफ करा."

हेडबाईंनी डायरी मिटली. मग वकील, ज्यांना शांतता कधीच सोसत नसे, काकूंकडे वळून म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही साखर मागायला यायचं बंद का, काकू?"

त्यांच्या बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"कसली साखर?" काका म्हणाले.

शिंपी छताकडे बघू लागला. नर्सला एकाएकी खोकला आला. काकांनी एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी काकूंवर येऊन थांबले. काकूंनी पदर सारखा केला.

"तुम्ही कुणाकडे टीव्ही लावून खाली आलात, की मी वर जायचे," त्या म्हणाल्या. "वाटी घेऊन. साखर मागायला. दोन मिनिटांत सगळं होतं तसं करायचे आणि यायचे."

"सगळ्यांकडे?"

"सगळ्यांकडे. दोन वर्षं. साखर घरात डबाभर पडून आहे."

"आणि हे सगळ्यांना माहीत होतं?"

"लोक वाटी भरून तयारच ठेवायचे," शिंप्याने हळूच माहिती पुरवली.

राग आणावा असं काकांच्या मनात आलं होतं, पण राग काही येईना. "मला सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं की डोळे दाखवा. तुम्ही त्या डॉक्टरला पोरगा म्हणालात." काकू म्हणाल्या. "मग मला वाटलं, माझं नाही ऐकणार, बाईंचं नाही ऐकणार. रंगाचं ऐकतील. म्हणून हेडबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, हे नजरेचा विषय काढतीलच, तेव्हा तुम्ही परीक्षा काढा. व्हिडिओबद्दल मला या मुलीनेच सांगितलं होतं, गेल्या महिन्यात हेडबाईंबरोबर टीव्ही बघायला दुकानात गेले तेव्हा. अ‍ॅप मी तुमच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवलं होतं."

"आणि मी चोरून बघणार, हे तुला कुणी सांगितलं?"

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," काकू म्हणाल्या.

यावर मात्र सगळी खोली हसली. हेडबाईसुद्धा, आणि त्या हसतात हे इमारतीला प्रथमच कळलं. काकाही हसले. हसता हसता त्यांच्या डोक्यात एक हिशेब राहून गेल्यासारखं झालं. सगळ्यांचे टीव्ही हिने जागेवर आणले होते. वकिलांचा, नर्सचा, शिंप्याचा. पण परवा आपल्या घरचा रंग अठ्ठ्याहत्तरवर होता, शार्पनेस सत्तरवर.

"आपला का नाही बदललास?" त्यांनी विचारलं. सगळे चहाला उठले होते, त्यामुळे हे फक्त काकूंनाच ऐकू गेलं.

"आपल्याकडे तुम्ही बघता ना," काकू म्हणाल्या. "तुम्हाला तसं छान दिसत होतं."

दोन वर्षं रोज संध्याकाळी ही बाई आपल्या शेजारी बसून लालभडक माणसं आणि काटेरी झाडं बघत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. काकांनी काकूंच्या हातातला कप घेतला, आपला त्यांना दिला, कारण आज आपल्या कपात साखर कमी पडली होती, आणि काकूंना कमी लागते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली. नर्सनेच ठरवून दिली. मोतीबिंदू असणार, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, म्हणाली. आधी उजवा, मग डावा.

रविवारी संध्याकाळी घरी काकांनी रिमोट उचलला आणि काकूंपुढे धरला. "तुला हवं तसं लाव."

"अहो, परवा सगळं करून झाल्यावर तुम्ही रात्री परत अठ्ठ्याहत्तरवर नेलंत."

"म्हणूनच म्हणतो, तू लाव. मी फोन धरतो."

काकूंनी शार्पनेस दहावर आणला, रंग सत्तेचाळीसवर. मग त्यांच्या आवडीचा कार्यक्रम लावला आणि पाय वर घेऊन नीट टेकून बसल्या. किती दिवसांनी इतक्या आरामात बसल्या असतील, हे काका बघत होते. पडद्यावर काकांना सगळं धुतलेलं आणि धुरकट दिसत होतं, झाडं मेलेली, माणसं पांढरी पडलेली.

"कसं दिसतंय?" काकूंनी विचारलं.

"झकास," काका म्हणाले, आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिले.